आहारसल्ल्याच्या ध्वनिमुद्रणातून रुग्णाचा कागद

आहारतज्ज्ञाशी झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात पहिली दहा-बारा मिनिटे बहुधा रुग्णच बोलतो: काल सकाळपासून काय खाल्ले, कधी खाल्ले. सारांश लिहिताना पहिली गफलत इथेच होते. ‘दुपारी चार पोळ्या, रात्री दहाला भात’ ही सांगितलेली सवय असते, सल्ला नव्हे. त्यामुळे मुद्रण एकदा पूर्ण ऐकून सवय आणि सल्ला वेगळे केल्याशिवाय लेखणी उचलू नये. मुद्रण अर्थातच आहारतज्ज्ञाच्या संमतीने केलेले असावे.

उदाहरणार्थ, मधुमेहाचे एक बावन्न वर्षांचे रुग्ण नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. आहारतज्ज्ञ आधी म्हणतात, ‘दुपारी तीन पोळ्या चालतील.’ उसळ रोज असते हे कळल्यावर म्हणतात, ‘मग दोनच ठेवा.’ कागदावर दोनच यायला हव्यात. शेवटचा शब्द धरायचा, पण तो का बदलला हेही ऐकायचे. कारण ‘उसळ नसेल त्या दिवशी तीन’ अशी पुस्ती पुढे असू शकते.

आहारतक्ता वेळेसकट लिहितात: साडेआठला मुगाची दोन धिरडी, एकला दोन पोळ्या, वाटीभर उसळ, कोशिंबीर, ताक, पाचला मूठभर फुटाणे, आठला ज्वारीची एक भाकरी, भाजी, वरण. या गोळीने साखर एकदम उतरू शकते, म्हणून ‘गोळी घेतली की नाश्ता चुकवायचा नाही’ हे वाक्य तक्त्याच्या डोक्यावर हवे. वाटीचा प्रश्न मात्र उरतोच. आहारतज्ज्ञ हाताने दाखवून ‘एवढी’ म्हणतात आणि हात काही मुद्रणात येत नाही. तिथे अंदाजाने आकडा न घालता ‘विचारून घ्यावे’ असे लिहिणेच योग्य.

वर्ज्य पदार्थांत ‘बंद’ आणि ‘बेताने’ यांची सरमिसळ फार होते. साखरेचा चहा, सरबते आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी बंद. गुळाचा चहा चालेल का, या प्रश्नाला उत्तर ‘नाही, गूळही साखरच’ असे होते. घाईत ऐकणारा त्यातला ‘गूळ’ तेवढा पर्याय म्हणून टिपतो. संक्रांतीला तिळगुळाची एक छोटी वडी मात्र चालेल, म्हणून ती बंदच्या यादीत जात नाही. साखर उतरून घाम, थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, ही सूचना ‘साखर बंद’च्या लगत लिहावी, नाहीतर ऐन वेळी रुग्ण साखरेला हात लावायला कचरतो.

फेरतपासणीची तारीख बोलण्यात सहसा नसते. ‘तीन आठवड्यांनी या’ एवढेच असते. भेट सोमवारी, ६ जानेवारीला झाली असेल, तर कागदावर ‘सोमवार, २७ जानेवारी’ असे वारासकट लिहावे आणि दवाखान्यात फोन करून वेळ पक्की करावी. सोबत उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून न्यायची. एचबीएवनसी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे ती या भेटीला नव्हे, एप्रिलमधल्या भेटीला.