नोटीस पीरियड न विचारणारी एचआर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काम करणारा एखादा मेंटेनन्स इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. दहा-बारा वर्षांचा अनुभव, पगार बरा, बढती मात्र अडकलेली. रात्री जेवणं आटोपल्यावर तो फोन उघडतो, तर लिंक्डइनवर एक विनंती आलेली. सिंगापूरच्या एका कंपनीत भरतीचं काम पाहणाऱ्या कुणा बाईंना त्याच्याशी कनेक्ट व्हायचंय. फोटो झकास, कंपनीचं नाव ऐकलेलं, आणि त्याच्या ओळखीचे चार जण आधीपासूनच बाईंच्या यादीत. सोबत चिठ्ठी मात्र नाही.

ही विनंती खरी, फसवी, की कुणाच्या तरी विक्रीचा गळ? खरं सांगायचं तर एवढ्यावरून कळत नाही. ‘प्रोफाइल पाहूनच आपण ओळखतो’ म्हणणारे लोक मला जरा धोक्यातलेच वाटतात, कारण ज्या गोष्टींवर त्यांचा भरवसा असतो त्या सगळ्या उभ्या करायला अर्धा तास पुरतो.

कंपनीच्या नावाचंच घ्या. आपण अमुक कंपनीत नोकरीला आहोत असं कुणीही लिंक्डइनवर लिहू शकतं, त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रायन क्रेब्ज या अमेरिकी पत्रकाराने एक गंमत दाखवून दिली. एका दिवशी अॅपलमध्ये काम करतो असं सांगणारी सुमारे पावणेसहा लाख खाती लिंक्डइनवर होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली निम्मी गायब झाली. अॅपलने रातोरात नोकरकपात केली नव्हती, खोट्या खात्यांची साफसफाई झाली होती. फोटोचंही तसंच. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या रेने डिरेस्टा आणि जॉश गोल्डस्टीन या संशोधकांना लिंक्डइनवर संगणकाने बनवलेल्या चेहऱ्यांची हजाराहून अधिक खाती सापडली. सुरुवात झाली ती डिरेस्टा यांना आलेल्या एका विक्रीच्या मेसेजवरून. पाठवणाऱ्या बाईंच्या फोटोत एकाच कानात कानातलं होतं आणि डोळे चौकटीच्या अगदी मध्यावर होते. आता असे चेहरे इतके सफाईदार झालेत की कानातली मोजत बसण्यात अर्थ नाही.

आणि ते चार ओळखीचे? ते जोडले गेलेत याचा अर्थ एवढाच की त्या चौघांनी होकाराचं बटण दाबलं. पहिल्याने सवयीने दाबलं, दुसऱ्याने पहिल्याकडे पाहून. त्यांतल्या एकाला फोन करून ‘या बाईंशी तू कधी बोललायस का?’ विचारलं, तरच त्या ओळखीला किंमत.

मग प्रोफाइलमध्ये पाहण्यासारखं काहीच नाही का? एक आहे, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांच्या मेनूत About this profile असा पर्याय असतो. खातं कोणत्या महिन्यात उघडलं, फोटो आणि संपर्काची माहिती अलीकडे बदलली का, ओळख पडताळली आहे का, हे तिथे दिसतं. पंधरा वर्षं एचआरमध्ये असल्याचं सांगणाऱ्या बाईंचं खातं गेल्याच महिन्यात उघडलेलं असेल, तर कान टवकारावेत. पण जुनं खातं म्हणजे सोवळं असंही नाही, कारण चोरलेली जुनी खातीही वापरात असतात. पडताळणीच्या खुणेतही फरक आहे. सरकारी ओळखपत्रावरून झालेली पडताळणी फक्त नाव खरं असल्याचं सांगते. कंपनीच्या ईमेलवरून झालेली पडताळणी नोकरीबद्दल काही सांगते. ही दुसरी वजनदार.

आपला इंजिनिअर इथवर आला आणि त्याला अजूनही ठरवता येत नाहीये. हरकत नाही. विनंतीसोबत चिठ्ठी असती, तर होकार न देताही उत्तर पाठवता आलं असतं. चिठ्ठी नाही याचंही फार मनावर घेऊ नये, कारण फुकट खातेदाराला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. विनंती आठवडाभर तशीच ठेवली किंवा Ignore केली, तर समोरच्याला तसं कळवलं जात नाही. समजा, त्याने होकार दिला. त्यानेही अजून काही बिघडत नाही. परीक्षा पुढच्या दोन-तीन मेसेजांत आहे.

खरा रिक्रूटर काय विचारतो, ते नोकरी बदललेल्या कुणालाही पाठ असतं: सध्याचं सीटीसी किती, अपेक्षा किती, गाव बदलायची तयारी आहे का, आणि नोटीस पीरियड किती. यातला शेवटचा प्रश्न सोन्याचा. ज्याला खरोखर एक खुर्ची भरायची आहे, त्याला माणूस कधी येऊन बसणार याची सगळ्यात जास्त काळजी असते. तीन महिन्यांचा नोटीस पीरियड ऐकून त्याचा आवाज पडतो, ‘बायआउट होईल का?’ असं तो विचारतो, कधी तिथेच विषय संपवतो. भामट्याकडे खुर्चीच नसते, त्यामुळे त्याला तारखेचं सोयरसुतक नसतं. आपण नव्वद दिवस सांगितले काय आणि वर्ष सांगितलं काय, त्याचं उत्तर एकच: ‘नो प्रॉब्लेम सर, तुमची निवड झाली आहे.’

उलट, ज्या गोष्टींनी लोक बिचकतात त्यांतल्या काही अगदी नेहमीच्या असतात. कन्सल्टन्सीचा माणूस पहिल्या फोनवर कंपनीचं नाव सांगत नाही. उमेदवार थेट तिथे अर्ज करेल आणि आपलं कमिशन बुडेल अशी त्याला भीती असते. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर बोलणंही सर्रास चालतं. खऱ्या रिक्रूटरचा मेसेज अनेकदा घाईचा, रुक्ष आणि स्पेलिंगच्या चुकांनी भरलेला असतो. मला तर गुळगुळीत स्तुतीपेक्षा असा मेसेज जास्त आश्वासक वाटतो.

व्हॉट्सअॅपवर गेल्यावर तिथे काय घडतं, ते पाहायचं. फसव्या भरतीत मुलाखत लेखी प्रश्नोत्तरांतच उरकते, किंवा पंधरा मिनिटांचा कॅमेरा बंद ठेवलेला कॉल होतो. यंत्रांबद्दल नेमका प्रश्न कुणी विचारत नाही. दुसऱ्याच दिवशी शिक्का-सहीचं ऑफर लेटर येतं आणि पगार चालू पगाराच्या अडीचपट असतो. मग पहिली मागणी येते, आणि ती मुद्दाम लहान असते: कागदपत्र पडताळणीचे दोन-अडीच हजार, तेही ‘रिफंडेबल’. ते भरले की मेडिकल, मग व्हिसा, मग ‘फाइल अडकली आहे’. प्रत्येक वेळी आधी भरलेले पैसे वाचवण्यासाठी पुढचे भरले जातात. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. सिंगापूरच्या कंपनीची फी कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा भलत्याच ट्रेडर्सच्या नावावर जात असेल, तर तिथेच थांबायला हवं.

परदेशी नोकरीबाबत आणखी एक पक्की कसोटी आहे. भारतातून परदेशात कामगार-कर्मचारी पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी emigrate.gov.in वर पाहता येते. त्यांच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादाही ठरलेली आहे, 30,000 रुपये अधिक जीएसटी. 2022 पासून थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली आपल्याकडची मुलं म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने एजंटाची पार्श्वभूमी तपासण्याचा इशारा दिला होता, तो यासाठीच.

सगळ्यात भरवशाची तपासणी तशी कंटाळवाणी आहे. बाईंनी दिलेला नंबर, लिंक, ईमेल बाजूला ठेवायचा. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधायची आणि तिथल्या पत्त्यावर विचारायचं, की या नावाच्या बाई तुमच्याकडे आहेत का आणि ही जागा निघाली आहे का. नुसतं ‘अशा बाई आहेत’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण खऱ्या एचआरचं नाव आणि फोटो उचलून दुसरं खातं उघडता येतं. त्या बाईंना कंपनीच्याच पत्त्यावर मेल टाकून ‘हा मेसेज तुमचाच ना?’ असं विचारायला हवं. ईमेलमध्ये @ च्या पुढचा भाग अक्षर अन् अक्षर वाचावा. कंपनीच्या नावाला ‘-careers’ किंवा ‘-hr’ जोडून वेगळंच डोमेन घेणं ही जुनी युक्ती आहे. भारतीय कन्सल्टन्सी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवत असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर तिची स्थापनेची तारीख आणि पत्ता सापडतो. एकट्या मालकाची लहान कन्सल्टन्सी तिथे नसते, म्हणून ती खोटी ठरत नाही.

या तपासण्यांना एक दिवस लागतो, आणि तो दिवस हीसुद्धा एक परीक्षा असते. ‘मी कंपनीत विचारून सांगतो’ म्हटल्यावर खरा रिक्रूटर ‘जरूर’ म्हणतो आणि दुसऱ्या उमेदवाराकडे वळतो. भामटा मात्र ऑफर संध्याकाळी सहाला संपत असल्याचं सांगतो.

पैसे न मागणारी फसवणूक यातून निसटू शकते. 2022 मध्ये ‘अॅक्सी इन्फिनिटी’ या ऑनलाइन खेळाच्या रोनिन नावाच्या यंत्रणेतून साठ कोटी डॉलरहून अधिक किमतीचं आभासी चलन चोरीला गेलं. एफबीआयने हे काम उत्तर कोरियाच्या लॅझरस टोळीचं असल्याचं सांगितलं. नंतर आलेल्या बातम्यांनुसार तिथल्या एका इंजिनिअरला लिंक्डइनवरून नोकरीचं आमिष दाखवलं होतं, मुलाखतींच्या फेऱ्याही झाल्या होत्या, आणि ऑफरच्या पीडीएफमधून हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला. त्याच्याकडे कुणी छदामही मागितला नव्हता. म्हणून अनोळखी भरतीची फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडायची नाही आणि ‘टेस्ट’ म्हणून पाठवलेलं अॅप टाकायचं नाही, मग माणूस कितीही खरा वाटो.

विक्रीवाल्यांसाठी एवढं डोकं खपवायला नको. ते चोर नसतात, त्यांना आपली पंधरा मिनिटं हवी असतात. त्यांचे मेसेज बहुधा यंत्राच्या रांगेतून सुटतात. आपण ‘आमच्या कोणत्या मशीनसाठी म्हणताय?’ असं विचारावं. दोन दिवसांनी त्या प्रश्नाला बगल देऊन ‘माझा आधीचा मेसेज पाहिलात का?’ असं आलं, तर समोर माणूस नाही. नाकारताना ‘या व्यक्तीला ओळखत नाही’ असंही कळवता येतं, म्हणजे तीच विनंती पुन्हा येत नाही.

फसवणुकीचा संशय पक्का झाला की बहुतेक जण रागाने आधी ब्लॉक करतात. त्याआधी प्रोफाइलचा linkedin.com/in/ ने सुरू होणारा पूर्ण पत्ता, चॅट आणि पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. नाव आणि फोटो तासाभरात बदलले जातात. पैसे गेलेच असतील, तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला तो अडवता येतो, आणि हे खातेबदल काही मिनिटांतही होतात, त्यामुळे घरच्यांना काय सांगायचं याचा विचार नंतर.