बॅटरी पाणी का पिते? जाळीतल्या अँटिमनीची आणि कॅल्शियमची गोष्ट

मागच्या वेळी आपण शिशाच्या बॅटरीची रासायनिक क्रिया पाहिली. आज तिच्या जाळीकडे, म्हणजे ग्रिडकडे बघू. शुद्ध शिसं इतकं मऊ असतं की त्याची जाळी हाताळतानाच वाकते. म्हणून त्यात अँटिमनी मिसळायची पद्धत पडली. पूर्वी ती पाच-सहा टक्के किंवा त्याहूनही जास्त असे, आता साधारण दोन टक्के असते.

आता होतं काय, की पॉझिटिव्ह जाळी हळूहळू गंजते. तिच्यातली अँटिमनी आम्लात उतरते आणि निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसते. शिशावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, पण अँटिमनीवर तो कमी व्होल्टेजलाच सुटतो. मग चार्जिंगचा काही करंट पाणी फोडण्यात खर्च होतो. बॅटरी जुनी होते तशी तिची तहान वाढते, त्याचं कारण हेच.

हिशोब करून बघू. १ अँपिअर-तास वाया गेला की प्रत्येक सेलमधलं साधारण ०.३४ ग्रॅम पाणी जातं. समजा, इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत १ अँपिअर करंट एकूण १०० तास नुसता गॅस काढत राहिला. तर दर सेलमागे ३४ ग्रॅम, आणि सहा सेल मिळून २०० ग्रॅम पाणी गेलं! ते डिस्टिल्ड वॉटरने भरलं नाही तर प्लेटा उघड्या पडतात.

यावर उपाय म्हणून कॅल्शियम आलं. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, टेलिफोनच्या बॅटऱ्यांसाठी. अवघ्या ०.१ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. ते निगेटिव्ह प्लेट बिघडवत नाही, त्यामुळे पाणी फारच कमी जातं. टेलिफोनची बॅटरी बहुतेक वेळ भरलेलीच असते, तिथे हे उत्तम चाललं.

मग रोज खोलवर रिकामी होणाऱ्या बॅटरीत काय झालं? जाळी आणि तिच्यावरचा लेप यांच्यामध्ये वीज अडवणारा थर तयार होऊ लागला, लेपही सैल पडू लागला. अँटिमनी हा सांधा आणि लेप धरून ठेवते. तिची ही बाजू ती काढून टाकल्यावरच कळली. कथील मिसळून हा दोष बराच कमी होतो, पूर्ण जात नाही.

म्हणून गाडीची कॅल्शियम बॅटरी इन्व्हर्टरला लावली, की थोड्याच महिन्यांत ती चार्जरवर लवकर ‘फुल’ दाखवते आणि लाइट गेल्यावर लवकर बसते. पाण्याची पातळी मात्र जागच्या जागी! पातळी ठीक म्हणजे बॅटरी ठीक, असं इथे समजू नका. उलट इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत थोडी अँटिमनी मुद्दाम ठेवतात. ती पाणी मागते, पण रोजचं रिकामं होणं सोसते.