पाच ककार पाठ, पण लंगर कशासाठी?

इंग्लंडच्या सर्वसाधारण सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास १९४४ च्या कायद्यापासून सक्तीचा आहे. पालकांना मात्र आपल्या मुलाला त्यातून काढून घेण्याची मुभा आहे. कुठल्याही एका धर्माचे संस्कार करणं हा या तासाचा हेतू नसतो. ख्रिस्ती, मुस्लिम, हिंदू, शीख आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुलं एकाच वर्गात बसून एकेका धर्माची ओळख करून घेतात. आठवड्याला बहुधा एकच तास मिळतो. समजा, बारा वर्षांच्या मुलांना सहा आठवडे शीख धर्म शिकवून झाला. आता त्यातलं काय मुलांच्या डोक्यात उतरलं, हे शिक्षकाला एका कागदावर तपासायचं आहे.

पहिला प्रश्न सुचतो तो असा : पाच ककारांची नावं लिहा. केश, कंगा, कडं, कच्छा, कृपाण. वर्गातली बहुतेक मुलं ती धडाधड लिहून देतात, कारण पाचही शब्द ‘क’ने सुरू होतात आणि पाठांतराला सोपे आहेत. प्रश्न वाईट नाही. तो फक्त आठवण तपासतो, आणि तेवढ्यासाठी कागदावर एखाददुसरी जागा पुरे.

खरं कसब लागतं ते पर्यायांच्या प्रश्नांत. ‘१६९९ मध्ये आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना कोणी केली?’ याला गुरू गोविंदसिंग, सम्राट अकबर आणि महात्मा गांधी असे पर्याय दिले, तर काही न शिकलेलं मूलही बरोबर खूण करील. तेच पर्याय गुरू नानक, गुरू अर्जनदेव आणि गुरू गोविंदसिंग असे दिले, की प्रश्नात जीव येतो. धर्माचा संस्थापक आणि खालशाचा संस्थापक यांची गल्लत करणारं मूल नानकांवर खूण करतं, आणि त्याचा गोंधळ नेमका कुठे आहे ते शिक्षकाला दिसतं. चुकीचा पर्याय असा मुलांच्या खऱ्या चुकांतूनच उचलावा लागतो. वह्या तपासताना दिसलेल्या चुका टिपून ठेवल्या, तर प्रश्नपत्रिका निम्मी तयार होते. चौथा पर्याय ओढूनताणून घालायची गरज नसते. तीन चांगले पर्याय पुरतात, असंच परीक्षाशास्त्रातल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

तीन पर्यायांची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते. बारा प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरी चार उत्तरं बरोबर येतात. म्हणजे बारापैकी पाच गुण मिळवणाऱ्या मुलाला काही येतं असं छातीठोक सांगता येत नाही. यावर सोपा उपाय असा की प्रत्येक उत्तरापुढे एक चौकोन ठेवायचा आणि मुलाने त्यात ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ लिहायचं. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर पुन्हा शिकवायच्या यादीत जातं. खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर तर शिक्षकासाठी फार मोलाचं. अशी चूक लगेच दाखवून दिली तर ती सहसा अधिक चांगली सुधारते, असं प्रयोगांत आढळलं आहे. आपल्याला पक्कं वाटत होतं तेच चुकलं, हे मुलाच्या मनात राहतं.

या पाठातली सगळ्यात अवघड गाठ गुरू ग्रंथसाहिबाची. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ संकलित केला. पुढे त्यात गुरू तेगबहादूर यांच्या रचना आल्या. १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवण्यापूर्वी गुरू गोविंदसिंगांनी, यापुढे ग्रंथच गुरू, असं सांगितलं. मुलांना यातलं १७०८ साल आठवतं आणि ती लिहून मोकळी होतात की त्या साली दहाव्या गुरूंनी ग्रंथ लिहिला. साल बरोबर, समज चूक. ‘१७०८ मध्ये काय घडलं?’ असं विचारून हे उघड होत नाही, कारण ‘ग्रंथाशी संबंधित घटना’ असं मोघम उत्तरही चालून जातं. त्याऐवजी तीन चिठ्ठ्या द्याव्यात : ग्रंथाचं संकलन, खालशाची स्थापना, ग्रंथाला गुरुपद. मुलांनी त्या क्रमाने लावायच्या आणि प्रत्येकीखाली त्या गुरूंचं नाव लिहायचं. पाच मिनिटांत कोण कुठे अडखळलं ते कळतं.

याच ग्रंथात आपल्या नामदेवांच्या रचना आहेत, कबीर आणि रविदासांच्या आहेत, शेख फरीद या मुस्लिम सूफींच्याही आहेत. म्हणून समज तपासणारा एक उत्तम प्रश्न इथेच सापडतो : शीख नसलेल्या संतांची वाणी या ग्रंथात असण्यातून शिखांची देवाविषयीची कोणती धारणा दिसते? याला पाठ केलेलं उत्तर नाही. मुलाला दोन गोष्टी जोडाव्याच लागतात.

लंगरचा प्रश्नही प्रसंग रचून विचारावा. मोठी देणगी देणारा व्यापारी गुरुद्वाऱ्यात आला आणि त्याने आपल्यासाठी वेगळी पंगत मागितली. सेवादार काय म्हणतील आणि का? ‘नाही म्हणतील, तसा नियम आहे’ याला एक गुण. जात, पैसा, मान यांवरून माणसांत भेद करायचा नाही, या गुरूंच्या शिकवणीशी ज्याने तो नकार जोडला, त्याला दोन. प्रसंगातला तपशील मात्र जपून निवडावा. व्यापाऱ्याने खुर्ची मागितली असं लिहिलं तर घोटाळा होतो, कारण काही गुरुद्वाऱ्यांत वृद्ध आणि आजारी माणसांसाठी खुर्च्या असतात. ते पाहिलेलं शीख घरातलं मूल प्रामाणिकपणे ‘देतील’ असं लिहील, आणि नाहक गुण गमावील.

धर्मशिक्षणात असे सापळे जागोजाग असतात. ‘सर्व शीख पगडी बांधतात : चूक की बरोबर?’ हा प्रश्न वर्गातल्या केस कापलेल्या शीख मुलाला अवघडून टाकतो. पाचही ककार पाळण्याचं बंधन अमृत घेतलेल्यांवर असतं. इतर शिखांत वेगवेगळ्या रीती दिसतात. प्रश्नात ‘अमृतधारी शीख’ असं लिहिलं की तो नेमका होतो. तसंच ‘देव एक आहे का?’ असं न विचारता ‘शीख धर्माच्या शिकवणीनुसार’ असं म्हणावं लागतं. गुण ज्ञानाला द्यायचे असतात. मुलाची स्वतःची श्रद्धा तपासण्याचा हक्क शिक्षकाला नाही, आणि ही मर्यादा कसोशीने पाळलीच पाहिजे.

कागद गोळा करून आठवड्याने गुण सांगणं ही सर्रास होणारी चूक. पर्यायांच्या प्रश्नांत मुलाने चुकीचं वाक्य वाचलेलं, निवडलेलं असतं; उत्तर लगेच सांगितलं नाही, तर तेच खरं म्हणून लक्षात राहण्याचा धोका असतो. म्हणून त्याच तासात, वेगळ्या रंगाच्या पेनाने मुलांनीच उत्तरं दुरुस्त करावीत. शिक्षकाने कागद नंतर चाळताना प्रश्नवार आकडे मांडावेत. तीस मुलांपैकी अठरा जणांनी १७०८ ची एकच चूक केली असेल, तर दोष मुलांच्या अभ्यासात नसून शिकवण्यात किंवा प्रश्नाच्या शब्दांत आहे. एखाद्या पर्यायावर कोणीच खूण केली नसेल, तर पुढच्या वर्षी तो बदलायचा.

आणि चाचणी एकदाच घेऊन भागत नाही. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, तर दुसऱ्याला तो न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणून शीख धर्माचा पाठ संपून इस्लामचा सुरू झाला, तरी तासाची पहिली पाच मिनिटं तीन प्रश्नांना द्यावीत : एक मागच्या तासावरचा, एक मागच्या महिन्यातला, आणि एक दोन्ही धर्मांना जोडणारा, उदाहरणार्थ, लंगर आणि जकात यांत काय सारखं आहे आणि काय वेगळं.