घड्याळाने पिसलेले पत्ते

१९९९ साली अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर-सुरक्षा तज्ज्ञांनी ऑनलाइन पोकरमध्ये पुढचे पत्ते आधीच ओळखून दाखवले. पत्ते पिसण्याचा प्रोग्रॅम खेळ बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केला होता. लोकांना विश्वास वाटावा म्हणून.

संगणक फासे टाकत नाही, गणित करतो. तो एक सुरुवातीचा आकडा घेतो, म्हणजे ‘सीड’, आणि ठरलेल्या सूत्राने पुढचा काढतो. समजा सूत्र असं आहे: ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ७ पासून निघालं तर ६, १, ८, ११ येतात. आकडे विस्कळीत दिसतात, पण पुन्हा ७ दिला की पुन्हा तेच येतात, कारण कुठल्याच पायरीवर दुसरा पर्याय नाही.

पोकरचं सीड होतं मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. दिवसभरात ते ८ कोटी ६४ लाख होतात. ५२ पत्त्यांच्या शक्य मांडण्यांची संख्या मात्र ६८ अंकी आहे! तज्ज्ञांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवल्यावर तपासायची सीड्स सुमारे २ लाखच उरली. हातातले २ आणि टेबलावरचे ३ पत्ते ज्या सीडमधून निघतात ते सापडलं, की प्रत्येकाचा हात उघडा.

हवामानाच्या किंवा इतर प्रयोगांत हीच पुनरावृत्ती हवी असते, कारण निकाल पुन्हा पडताळता येतो. पासवर्डसाठी मात्र ती घातक ठरते. म्हणून पायथॉनमध्ये पासवर्ड बनवताना `random` नव्हे, `secrets` वापरा.