फोटो उजळतो की माणसाचा रंग बदलतो?

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि हदगाव-उमरखेडमार्गे नागपूरकडे जाणारा रस्ता कळमनुरी तालुक्यात वारंगा फाट्यावर वेगळे होतात. अशा मोठ्या फाट्यावर पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लग्नाचा बायोडाटा ही कामं बहुधा एकाच काउंटरवर होतात. तुळशीचं लग्न लागलं आणि स्थळं बघणं सुरू झालं, की त्या काउंटरवर एक मागणी हमखास येते: "दादा, पोरीचा फोटो जरा उजळ करून द्या." या मागणीचे दोन अर्थ होतात. फोटोत उजेड कमी पडला असेल तर तो भरून काढणं हा एक अर्थ. मुलीचा रंग आहे त्यापेक्षा गोरा दाखवणं हा दुसरा. पहिलं फोटोग्राफरचं कामच आहे, दुसऱ्यावर माझा आक्षेप आहे. या दोहोंची गल्लत होते आणि त्यातून पुढचे गैरसमज जन्मतात.

"फोटो काळा आला, कारण मुलगीच सावळी आहे."

कॅमेऱ्याला रंग कळत नाही, तो उजेड मोजतो. ऑटोवर असताना समोरचं सगळं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे, असं धरून तो उजेड आत घेतो. सावळी मुलगी पांढऱ्या पडद्यासमोर बसली, तर चौकटीचा बहुतेक भाग पांढरा असतो. कॅमेरा त्याला फार उजेड समजतो आणि एक्सपोजर कमी करतो. पडदा राखाडी येतो आणि चेहरा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद. दोष पडद्याचा आणि मोजणीचा, पण बोल लागतो मुलीला.

उपाय सोपा आहे. मोजणी चेहऱ्यावर करायची किंवा एक्सपोजर साधारण एक स्टॉप वाढवायचं. फोटो आधीच काढून झाला असेल, तर कॉम्प्युटरवर पूर्ण चौकटीचं एक्सपोजर वाढवत न्यायचं आणि पडदा पांढरा दिसला की थांबायचं. इथे मोजपट्टी चेहऱ्याची नाही, पडद्याची आहे. पडद्याचा खरा रंग आपल्याला माहीत असतो आणि त्याबद्दल कुणाचा हट्ट नसतो.

हळदीच्या फोटोत वेगळीच गंमत होते. हिंगोली-वसमत हा हळदीचा मुलूख. मांडव पिवळा, साड्या पिवळ्या, झेंडू पिवळा. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की दिव्याचा उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळा रंग वाढवतो. मग सावळी कातडी राखेसारखी, निस्तेज दिसते. तिथे चेहरा उजळून काही साधत नाही. एखाद्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर व्हाइट बॅलन्स लावला, की कातडीचा मूळचा तांबूसपणा परत येतो.

हा प्रश्न फाट्यावरचा नाही, फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी प्रिंट काढणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोचं कार्ड देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली म्हणजे प्रिंट बरोबर, असा हिशोब. गडद कातडीचे बारकावे त्यात हरवत. पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट उतरत नसल्याची तक्रार केली, तेव्हा फिल्म सुधारण्याला जोर आला. माणसांच्या तक्रारीआधी लाकडाची तक्रार ऐकली गेली, हे मला आजही टोचतं.

"उजळ केलं म्हणजे फोटो चांगला झाला."

आकडे घेऊन बघू. समजा गालावरच्या एका ठिपक्यात लाल 150, हिरवा 105 आणि निळा 80 आहे. हा छान सावळा तपकिरी रंग झाला. यातला लाल निळ्याच्या जवळपास दुप्पट आहे आणि कातडीची ऊब याच प्रमाणात असते. उजेड खरोखर थोडा वाढला, तर तिन्ही आकडे एकाच पटीत वाढतात: 180, 126, 96. प्रमाण तेच राहतं, म्हणून माणूसही तोच दिसतो.

गोरं करण्याच्या नादात तिन्ही आकड्यांत सरसकट 70 मिळवले, तर 220, 175, 150 होतात. लाल आता निळ्याच्या दीडपटही उरत नाही. कातडी पिठूळ दिसू लागते. नुसतं एक्सपोजरच ताणत नेलं, तरी एक मर्यादा येते. 150 चे 255 झाले की लाल तिथेच अडकतो, हिरवा मात्र वाढत राहतो आणि कपाळावर पिवळट, सपाट डाग पडतो. तिथली त्वचेची रेष, घामाची चमक, सगळं जातं आणि मागाहून ते परत आणता येत नाही.

असा फोटो ओळखायचा असेल तर चेहऱ्याकडे बघू नका, कडेला बघा. कान आणि मान चेहऱ्यापेक्षा गडद आहेत का? मांडीवर ठेवलेले हात दुसऱ्याच कुणाचे वाटतात का? केसांच्या मुळाशी फिकट कड आली आहे का? ओठ आणि कुंकू विटल्यासारखे दिसतात का? नुसती कातडी निवडून उजळली, की यातली एखादी खूण राहतेच.

"थोडंसं उजळलं तर कुणाचं काय बिघडतं?"

बिघडतं त्या मुलीचं. फोटो बघून पाहुणे येतात, कांदेपोहे होतात आणि निघताना कुणीतरी पुटपुटतं की फोटोत गोरी होती. तो शब्द स्टुडिओवाल्याच्या कानावर जात नाही, तिच्याच कानावर जातो. शिवाय ज्या रंगाने ती रोज आरशात दिसते तो दाखवण्याजोगा नाही, हे घरच्यांनीच तिला फोटो देऊन सांगितलेलं असतं.

ही मागणी कुणा एकाच्या हौसेतून येत नाही. आपल्या बायोडाटात 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात सावळ्या मुलीसाठी 'गव्हाळ' किंवा 'निमगोरा' लिहिलं जातं. शादी डॉट कॉमवर कातडीच्या रंगानुसार स्थळं निवडायची सोय होती. अमेरिकेतल्या हेतल लखानी यांनी त्याविरुद्ध ऑनलाइन सह्यांची मोहीम उघडल्यावर जून 2020 मध्ये ती काढली गेली. बायोडाटातला रकाना मात्र अजून जागेवर आहे.

"गडद करण्यात काय वाईट? तो तर उलटा प्रकार."

जून 1994 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर गडद करून छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो जसाच्या तसा छापला. दोन्ही अंक शेजारी दिसले आणि गडदपणा म्हणजे गुन्हेगारी, हा संकेत उघडा पडला. टीकेचं मोहोळ उठलं.

आपल्याकडे 2019 मध्ये स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' ही मालिका सुरू झाली. विषय सावळ्या मुलीच्या अवहेलनेचा होता, पण नायिकेच्या भूमिकेतल्या रेश्मा शिंदे यांना मेकअपने सावळं केलं गेलं. विषय मोलाचा होता, हे मी मान्य करतो. पण सावळ्या अभिनेत्रीला ज्या एका भूमिकेत हक्काने जागा मिळायला हवी, तिथेही रंग वरून लावला गेला. फोटो उजळणं आणि चेहरा काळवंडणं यांत खरी सावळी कातडी दोन्हीकडे गाळलेलीच राहते.

फाट्यावरच्या आणि गावोगावच्या स्टुडिओवाल्यांना माझी विनंती आहे. "उजळ करा" असं कुणी म्हटलं, तर आधी मागचा पडदा पांढरा करून दाखवा. बहुतेकांचं समाधान तिथेच होतं, कारण खरी तक्रार अंधाराची असते. आणि आई-वडिलांनो, या लगीनसराईत बायोडाटा टाइप करायला द्याल तेव्हा 'वर्ण' हा रकाना काढून टाकायला सांगा.