‘प्रगतीपथावर’च्या पोटात

मार्च सरला की जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात वार्षिक आढाव्याच्या सादरीकरणाची घाई सुरू होते. पहिल्या स्लाइडवर नळाखाली हंडा भरणारी बाई हमखास असते. फोटो ऑगस्टचा आहे की मेचा, हे मात्र खाली लिहिलेलं नसतं.

15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट आहे प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी. मूळ मुदत 2024 ची होती, ती पुढे 2028 पर्यंत वाढली. नळजोडणी मोजायला सोपी, म्हणून सादरीकरणात तीच झळकते. नळाला पाणी येतं का, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी मिशनमध्येच एक सोय आहे. विभागाने ‘हर घर जल’ म्हणून नोंदवलेल्या गावाच्या ग्रामसभेने ठराव करून सगळ्या घरांना, शाळेला, अंगणवाडीला पाणी मिळतं असं सांगितलं, तरच ते गाव प्रमाणित ठरतं.

समजा, एका विभागाकडे 120 योजना आहेत. त्यांतल्या 70 पूर्ण, 50 ‘प्रगतीपथावर’. सवयीने इथे स्लाइड संपते. प्रामाणिक अभियंता 70 च्या शेजारी आणखी एक आकडा लिहितो: ग्रामसभेचा ठराव झालेली गावं 41. कौतुक 41 चं भरभरून करावं, गावांची नावं घेऊन, कारण तिथे साक्ष गावाने दिलेली असते. उरलेल्या 29 गावांत ग्रामसभाच झाली नाही, की गावाने नकार दिला, हेही लगेच सांगावं लागतं.

मग ‘प्रगतीपथावर’ हा शब्द फोडायचा. सरकारी मराठीत याच्याइतका ऐसपैस शब्द दुसरा नसेल! त्या 50 पैकी 21 ठिकाणी कंत्राटदाराची देयकं थकलेली, 12 ठिकाणी पंपाला वीजजोडणी नाही, 9 ठिकाणी विहिरीला पुरेसं पाणीच लागलेलं नाही, 8 कामं सुरूच नाहीत. सगळ्यांत फसवी ती नऊ. तिथे टाकी उभी आहे, वाहिन्या टाकून झाल्या आहेत, म्हणून भौतिक प्रगती 90 टक्के दिसते. सलग तीन आढाव्यांत आकडा नव्वदवरच अडकला, तर अडचण बहुधा उद्भवात असते.

पुढच्या वर्षाचा क्रम याच फोडीतून निघतो. वीजजोडणीच्या बारा योजना महावितरणकडे पाठपुरावा करून पावसाळ्याआधी सुटू शकतात, म्हणून त्या आधी. देयकांचा निधी वरून यायचा, त्यामुळे तिथे तारखेचं वचन न देता मागणीची रक्कम लिहावी. आणि त्या नऊ गावांसाठी नवा उद्भव शोधायला भूजल सर्वेक्षणाची मागणी, तीही थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने. या स्लाइडवर टाळ्या पडत नाहीत. बैठकीतले प्रश्न मात्र इथूनच सुरू होतात, आणि पहिला असतो, ‘पाण्याचा पत्ता नसताना वाहिन्या आधी का टाकल्या?’