सामन्यानंतरचे बोलणे, तीन वाक्यांत

कबड्डीचा सामना हरल्यावर प्रशिक्षक खेळाडूंना गोल करून बसवतात आणि दहा-बारा मिनिटे बोलतात. अलीकडे हे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले जाते, पण ते पूर्ण पुन्हा ऐकणारा खेळाडू विरळाच. त्यातून पुढच्या सामन्यात आठवतील असे मोजके मुद्दे काढणे हे वेगळे काम आहे. संघाचा व्यवस्थापक किंवा सहायक प्रशिक्षक ते करू शकतो. मात्र त्याला खेळ कळायला हवा.

रेकॉर्डिंग पहिल्यांदा काही न लिहिता सलग ऐकावे. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येक विषय कितव्या मिनिटाला आला ते टिपावे. तेव्हा लक्षात येते की बोलण्याचा क्रम सामन्याचा नसतो, मनातल्या खदखदीचा असतो. एकच गोष्ट चार वेळा येते आणि महत्त्वाची सूचना उठता उठता एका वाक्यात निघून जाते. म्हणून आवाजाच्या चढउतारावरून महत्त्व ठरवू नये. पंचांबद्दलची नाराजी आणि एखादीला नाव घेऊन दिलेली समज संघाच्या सारांशात येऊ नये. समज त्या खेळाडूशी वेगळी बोलण्याची गोष्ट आहे.

समजा, मुलींचा संघ चार गुणांनी हरला आणि प्रशिक्षक म्हणाले, ‘पाच बोनस फुकट दिलेत. बोनस देऊ नका.’ इथे पहिले काम गुणपत्रक उघडण्याचे. इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांच्या फुटबॉलवरील 1986 च्या अभ्यासात नवख्या प्रशिक्षकांना सामन्यातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याहूनही कमी अचूक आठवल्या होत्या. गुणपत्रकात बोनस तीनच निघाले, तर सारांशात ‘पाच’ लिहू नये. खेळाडूंना खरा आकडा ठाऊक असतो आणि एका चुकीच्या आकड्यामुळे पूर्ण मुद्द्यावरचा विश्वास जातो.

दुसरे काम अट शोधण्याचे. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच चढाई करणारीला बोनस मिळतो. ‘बोनस देऊ नका’ एवढेच लिहिले, तर मैदानात पाच जणी उरल्या असतानाही कोपऱ्यातली मुलगी घोट्यावर झेप घेईल आणि विनाकारण बाद होईल. रेकॉर्डिंगमध्ये ही अट उच्चारलेली नसते, कारण बोलणाऱ्याच्या मनात ती गृहीत असते. सारांश करणाऱ्याने ती लिहायला हवी: ‘सहा-सात जणी असताना तिचा पाय बोनस रेषेकडे गेला की कोपऱ्याने घोटा धरायचा. पाच उरलो की बोनससाठी झेपायचे नाही.’

सर्वांत अवघड जागा म्हणजे विसंगत वाटणाऱ्या सूचना. त्याच बोलण्यात तिसऱ्या मिनिटाला ‘घाई का करता?’ आणि नवव्या मिनिटाला ‘नुसत्या बघत काय उभ्या राहता?’ असे येते. यातले एक वाक्य निवडणे चुकीचे, दोन्हींचा मधला अर्थ काढणे तर त्याहून चुकीचे. प्रत्येक वाक्य कोणत्या चढाईबद्दल होते ते शोधावे लागते. पहिल्यात कोपऱ्याने पकड करण्याआधीच कव्हरची खेळाडू आत घुसली होती. दुसऱ्यात कोपऱ्याने घोटा धरला, पण मदतीला कोणीच पोहोचले नाही. दोन्ही मिळून एकच सूचना तयार होते: ‘कोपऱ्याची पकड लागेपर्यंत कव्हरने जागा सोडायची नाही, पकड लागली की थांबायचे नाही.’

तिसरा मुद्दा शेवटच्या पाच मिनिटांचा. आघाडी असूनही चढाई करणाऱ्या गुणांमागे धावल्या आणि बाद झाल्या. चढाईला तीस सेकंद असतात आणि निदान रेषा ओलांडणे आवश्यक असते. म्हणून ‘संयम ठेवा’ऐवजी ‘शेवटी आघाडी असेल तर निदान रेषा ओलांडायची, वेळ काढायचा आणि परतायचे’ असे लिहावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये मांडले की ‘अमुक घडले की तमुक करीन’ अशा रीतीने ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा अमलात येते. खेळाडूला आठवण लागते ती नेमक्या त्या क्षणी, म्हणून तो क्षणच वाक्याच्या सुरुवातीला यावा.

मुद्दे तीनच ठेवावेत. शारीरिक तयारी, बूट, जेवण यांबद्दलच्या सूचना वेगळ्या कागदावर लिहाव्यात. शब्द शक्यतो प्रशिक्षकांचेच राहू द्यावेत. ते ‘साखळी’ म्हणत असतील तर सारांशात ‘सामूहिक बचाव’ येऊ नये. वाटण्यापूर्वी मसुदा त्यांना वाचून दाखवावा, कारण अट आपण जोडलेली असते आणि ती त्यांना अभिप्रेत होती का हे तेच सांगू शकतात.

सारांश जमला की नाही हे पुढच्या सरावाआधी कळते. दोन-तीन खेळाडूंना वेगवेगळे गाठून, कागद न दाखवता, काय ठरले होते ते विचारावे. ‘बचावाकडे लक्ष द्यायचे’ असे उत्तर आले, तर वाक्यात कृती नव्हती. कृती बरोबर सांगितली पण कधी करायची ते सांगता आले नाही, तर अट निसटली आहे. ते वाक्य पुन्हा लिहावे आणि सरावात तोच प्रसंग उभा करून खेळवावा.